बोट दाखवून झाल्यावर बाळ आपल्याकडे का पाहते?

आजीच्या कडेवर बसलेले अकरा-बारा महिन्यांचे बाळ खिडकीच्या गजावर येऊन बसलेल्या कावळ्याकडे हात लांब करून बोट दाखवते, तोंडाने 'अं, अं' करते आणि लगेच मान वळवून आजीच्या तोंडाकडे पाहते. आजी "अगंबाई, काऊ आला!" म्हणते, तेव्हा ते पुन्हा कावळ्याकडे वळते. कावळा तर त्याला आधीच दिसलेला असतो आणि तो त्याला हातातही नको असतो. मग आजीच्या चेहऱ्यावर ते नेमके काय शोधत असते?

मुलांचे बोट दाखवणे दोन प्रकारचे असते, अशी मांडणी एलिझाबेथ बेट्स आणि त्यांच्या इटालियन सहकाऱ्यांनी 1975 मध्ये केली. डब्यातले बिस्कीट हवे म्हणून बोट दाखवणे ही मागणी झाली. कावळ्याकडे बोट दाखवणे म्हणजे मात्र 'हे बघ' असे नुसते सांगणे. या दुसऱ्या प्रकाराबद्दल काही संशोधकांना शंका होती. बाळाला कावळ्याविषयी काही सांगायचे नसेलच, बोट दाखवले की मोठी माणसे हसून आपल्याशी बोलतात एवढेच ते शिकले असेल, असा त्यांचा आक्षेप होता. हा आक्षेप सहज उडवून लावण्यासारखा नव्हता, कारण घरात आपण कावळ्याकडेही पाहतो आणि बाळाचे कौतुकही करतो. दोन्ही एकाच वेळी घडत असल्यामुळे बाळाला त्यातले काय हवे होते, हे नुसत्या निरीक्षणाने कळत नाही.

जर्मनीतील लाइपझिग येथील माक्स प्लांक संस्थेत उल्फ लिश्कोव्स्की, मायकेल टोमासेलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या दोन गोष्टी वेगळ्या केल्या. 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात बारा महिन्यांच्या बाळांसमोर अचानक बाहुल्या डोकावत, आणि बाळाने बोट दाखवले की समोरची व्यक्ती ठरवून दिलेला प्रतिसाद देई. काही बाळांच्या बाबतीत ती बाहुलीकडे आणि बाळाकडे आळीपाळीने पाहून आनंद व्यक्त करी. काहींच्या बाबतीत बाहुलीकडे ढुंकूनही न पाहता फक्त बाळाशी हसून बोले. काहींच्या बाबतीत मुकाट्याने फक्त बाहुली पाही. तर काहींच्या बाबतीत दोन्हींकडे दुर्लक्ष करी. बाळाला केवळ लाड हवे असते, तर दुसऱ्या प्रतिसादावर ते खूश व्हायला हवे होते. प्रत्यक्षात तसे झाले नाही. तिथे बाळे एकाच बाहुलीसाठी पुन्हा पुन्हा बोट दाखवत राहिली आणि पुढच्या खेपांना त्यांचे बोट दाखवणे कमी होत गेले. नुसती बाहुली पाहिली गेली तेव्हाही हेच घडले. ज्यांच्यासोबत बाहुली खरोखर पाहिली गेली, त्या बाळांनी मात्र अधिक खेपांना बोट दाखवले आणि ते अधिक वेळ रोखून धरले.

माझ्या मते याहून बोलका प्रयोग याच गटाने 2007 मध्ये प्रसिद्ध केलेला आहे. त्यात समोरची व्यक्ती कधी उत्साहाने, पण भलत्याच वस्तूकडे पाही. कधी बाळाने दाखवलेलीच वस्तू पाही, पण 'असेल' अशा थंड चेहऱ्याने. पहिल्या वेळी बाळांनी पुन्हा बोट दाखवून चूक दुरुस्त करण्याचा प्रयत्न केला. दुसऱ्या वेळी त्यांनी तेच बोट पुन्हा दाखवले नाही, मात्र पुढच्या खेपांना बोट दाखवणे कमी केले. पहिल्या व्यक्तीला आपण दाखवलेली वस्तू सापडलेली नाही आणि दुसरीला ती सापडूनही आवडलेली नाही, हा फरक एकही शब्द न बोलणाऱ्या मुलाने ओळखलेला असतो. म्हणजे आजीच्या चेहऱ्याकडे टाकलेल्या एका नजरेत दोन प्रश्न असतात: मी दाखवला तोच कावळा तुला दिसला का, आणि तुला तो कसा वाटला?

ही नजर वयाबरोबर जागा बदलते. साधारण वर्षाचे बाळ बहुधा आधी बोट दाखवते आणि मग चेहरा पाहते. फॅबिया फ्रँको आणि जॉर्ज बटरवर्थ यांना आढळले की सोळा महिन्यांच्या आसपास मुले बोट उचलण्यापूर्वीच समोरच्याकडे पाहू लागतात; समोरच्याचे लक्ष आपल्याकडे आहे की नाही, हे जणू आधीच तपासून घेतात. आपण ओट्याकडे तोंड करून फोडणी देत असताना दीड वर्षाचे मूल आधी पदर ओढते आणि मगच पंख्याकडे बोट दाखवते, तेव्हा तेही हाच क्रम पाळत असते.

या प्रयोगांतून एका बाळाविषयी निष्कर्ष काढता येत नाही, कारण ही गटांची सरासरी आहे, आणि झोप आलेले किंवा अनोळखी माणसामुळे बुजलेले बाळ बोट दाखवणारही नाही. तरीही 16 ते 30 महिन्यांच्या मुलांमध्ये स्वमग्नतेची शक्यता पडताळणाऱ्या 'एम-चॅट' या प्रश्नावलीत पालकांना दोन स्वतंत्र प्रश्न विचारतात: काही हवे असल्यास मूल बोट दाखवते का, आणि काही गमतीचे दिसले की ते तुम्हाला दाखवण्यासाठी बोट करते का? पहिल्याचे उत्तर 'हो' असले, तरी दुसऱ्याचे 'नाही' असू शकते. एकट्या उत्तरावरून निदान होत नाही, पण 'आमचे मूल बोट दाखवते की' असे सांगताना ते बिस्किटाच्या डब्याकडे दाखवते की कावळ्याकडे, आणि दाखवून झाल्यावर मान वळवते का, हे बालरोगतज्ज्ञांना वेगळे सांगावे.