लघु कॉरिडॉर प्रोग्रेसिव्ह लेन्स

चाळिशीच्या चष्म्यासाठी वापरल्या जाणाऱ्या प्रोग्रेसिव्ह लेन्सचा एक प्रकार. दूरच्या नंबरापासून वाचनाच्या नंबरापर्यंतची चढण ज्या अरुंद उभ्या पट्ट्यात होते त्याला कॉरिडॉर म्हणतात. सर्वसाधारण रचनांमध्ये ही चढण सुमारे 14 ते 18 मिमी.मध्ये पूर्ण होते, तर लघु रचनांमध्ये 9 ते 12 मिमी.मध्ये. कमी उंचीच्या फ्रेममध्ये वाचनाचा भाग कापला जाऊ नये, हा या रचनेचा हेतू आहे.

कॉरिडॉरच्या लांबीचे आकडे सावधपणे वाचावे लागतात. मोजणी साधारणपणे फिटिंग क्रॉसपासून, म्हणजे बाहुलीच्या मध्यासमोर येणाऱ्या खुणेपासून सुरू होते. मात्र काही उत्पादक वाचनाच्या वाढीव नंबराचा (ॲडिशनचा) 85 टक्के भाग मिळतो तिथे मोजणी थांबवतात, तर काही ती पूर्ण नंबरापर्यंत नेतात. त्यामुळे दोन माहितीपत्रकांतील ‘11’ हे एकच अंतर असेलच असे नाही.

उगम. सलग बदलत्या नंबराच्या लेन्सची कल्पना ओवेन एव्ह्स यांच्या 1907 च्या पेटंटपर्यंत मागे नेतात, परंतु त्या लेन्सची विक्री झाली नाही. व्यवहारात टिकलेली पहिली रचना म्हणून बर्नार्ड मेतनाझ यांच्या व्हॅरिलक्सचे (1959) नाव घेतले जाते. तिच्यात दूरचा आणि जवळचा भाग प्रशस्त होता आणि सगळा दोष, म्हणजे नंबर बदलताना कडेला येणारी धूसरता, मधल्या भागाच्या दोन्ही बाजूंना एकवटलेला होता. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीपासून कल उलटा झाला. दोष पसरवून सौम्य करायचा, त्यासाठी चढण लांबवायची, असा विचार रुजला आणि त्याबरोबर फ्रेमही उंच लागू लागली. 1990 च्या दशकात फ्रेम लहान झाल्या, तेव्हा हा मार्ग अडला. अमेरिकन ऑप्टिकलची ‘कॉम्पॅक्ट’ ही लेन्स खास लहान फ्रेमसाठीची पहिली मानली जाते. तिचा काळ 1990 च्या दशकाच्या अखेरीच्या सुमारास धरतात. ‘पहिली’ हा मान लांबी कुठून कुठवर मोजली यावर अवलंबून असल्याने तो निर्विवाद नाही. प्रस्तुत नोंदीत ‘लघु’ हे विशेषण लांबीपेक्षा हेतूला लावले आहे: फ्रेमची उंची आधी ठरते आणि चढण तिच्यात बसवली जाते.

मिंकविट्झचा नियम. चढण आखूड केल्यावर कॉरिडॉरची रुंदी का घटते, याचे उत्तर जी. मिंकविट्झ यांनी 1963 मध्ये मांडलेल्या प्रमेयात आहे. लेन्सच्या मध्यरेषेवर सिलिंडर, म्हणजे वेगवेगळ्या दिशांतील नंबरांचा फरक, शून्य ठेवून नंबर चढवत नेला, तर रेषेपासून बाजूला सरकताना अनावश्यक सिलिंडर चढणीच्या दुप्पट वेगाने वाढतो. नंबर दर मिलिमीटरला 0.20 डायॉप्टर चढत असेल, तर बाजूला दर मिलिमीटरला 0.40 डायॉप्टर सिलिंडर येतो. कारखान्याच्या कौशल्याने ही दुप्पट पुसता येत नाही, कारण ती पृष्ठाच्या भूमितीतच आहे.

साधारण 0.50 डायॉप्टर सिलिंडर डोळा खपवून घेतो असे धरले, तर मोकळ्या पट्ट्याची रुंदी सोप्या गणिताने निघते: कॉरिडॉरच्या लांबीच्या निम्म्याला ॲडिशनने भागायचे. ॲडिशन 2.00 असताना 14 मिमी.च्या चढणीत पट्टा 3.5 मिमी. राहतो, 10 मिमी.मध्ये 2.5 मिमी. ॲडिशन 1.00 असेल तर त्याच 10 मिमी.मध्ये तो 5 मिमी. मिळतो. म्हणूनच चाळिशीच्या सुरुवातीला लघु रचना सहज मानवते आणि ॲडिशन वाढल्यावर तीच अडचणीची ठरते.

प्रमेयाच्या व्याप्तीबाबत मतभेद आहेत. काटेकोरपणे ते मध्यरेषेच्या अगदी लगतच लागू पडते आणि वरील हिशेबात चढण सर्वत्र सारखी धरलेली आहे. शीडी आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये प्रत्यक्ष लेन्सांच्या संदर्भात त्याचा अभ्यास केला. मध्यरेषेवर थोडा सिलिंडर मुद्दाम ठेवलेल्या पृष्ठांपर्यंत ते पुढे विस्तारलेही गेले आहे. संगणकनियंत्रित घडणीमुळे ही मर्यादा ओलांडली गेली, असे विक्रीसाहित्यात आढळते. त्या घडणीने कॉरिडॉर फ्रेमनुसार बेतता येतो आणि चढण मागील पृष्ठावर नेल्यास ती डोळ्याच्या किंचित जवळ येते, एवढे ग्राह्य धरावे. दुप्पट वेगाचा नियम तिथेही कायम असतो.

वाचनक्षेत्र आणि कॉरिडॉर. लघु रचनेत ‘वाचनाची रुंदी कमी होते’ हे विधान ढोबळ आहे. प्रमेयाने आवळला जातो तो चढणीचा भाग, म्हणजे मुख्यतः संगणकाच्या अंतराचा. चढण संपल्यावर नंबर स्थिर होतो आणि तिथे पृष्ठ पुन्हा रुंदावता येते. मात्र ते जितके झटकन रुंदावावे, तितका बाजूचा सिलिंडर तीव्र होतो. रचनाकाराने तो सौम्य ठेवायचे ठरवले, तर वाचनक्षेत्र खरोखरच अरुंद होते.

एक उदाहरण पाहू. फ्रेमच्या भिंगाची उंची 28 मिमी., फिटिंगची उंची (बाहुलीच्या मध्यापासून थेट खाली भिंगाच्या कडेपर्यंत) 17 मिमी. आणि ॲडिशन 2.25. चढणीची लांबी पूर्ण नंबरापर्यंत मोजलेली आहे असे धरू. 14 मिमी.च्या रचनेत चढणीचा पट्टा सुमारे 3.1 मिमी. मिळतो, पण खाली वाचनाला उरतात जेमतेम 3 मिमी.; स्थिर वाचनक्षेत्रासाठी साधारण 4 मिमी. तरी हवेत. 10 मिमी.च्या रचनेत खाली 7 मिमी. मोकळे राहतात, मात्र पट्टा 2.2 मिमी.वर येतो. डोळा भिंगामागे सुमारे 27 मिमी.वरील बिंदूभोवती फिरतो हे लक्षात घेता, 65 सेंमी.वरील पडद्यावर पहिला पट्टा सुमारे 7.8 सेंमी. रुंद पडेल, दुसरा 5.5 सेंमी. 12 मिमी.च्या रचनेत खाली 5 मिमी. आणि पट्टा 2.7 मिमी. असा मेळ बसतो. या फ्रेमसाठी तीच निवड योग्य दिसते. उपलब्धांपैकी सर्वांत आखूड रचना घेण्याची सवय इथे 2 मिमी. अकारण खर्च करते.

आखूड चढणीच्या बाजूनेही बोलण्यासारखे आहे. 14 मिमी. खालून पाहण्यासाठी डोळा सुमारे 27 अंश खाली वळवावा लागतो, 10 मिमी.साठी 20 अंश. शिवाय दोन डोळ्यांच्या नंबरांत 1.50 डायॉप्टरचा फरक असेल, तर वाचनबिंदूवर दोन्ही डोळ्यांतील उभ्या प्रिझमचा, म्हणजे प्रतिमा वर-खाली सरकण्याचा, फरक 2.1 ऐवजी 1.5 प्रिझम डायॉप्टर भरतो. अशा व्यक्तीला लघु रचना मोठ्या फ्रेममध्येही उपकारक ठरू शकते.

दोष ओळखणे. वाचता येत नाही या तक्रारीमागे दोन वेगळी कारणे असतात. चष्मा 2–3 मिमी. वर उचलल्यावर अक्षरे स्वच्छ झाली, तर वाचनक्षेत्र फार खाली आहे किंवा कापले गेले आहे. आखूड चढण तिथे कामी येते. उचलून फरक पडत नाही, पण ओळीच्या टोकाकडे डोके वळवल्यावर स्वच्छ दिसते, तर अडचण रुंदीची आहे आणि आणखी आखूड लेन्स तिला वाढवेल. निष्कर्षापूर्वी भिंगावरील 34 मिमी. अंतराच्या दोन सूक्ष्म कोरीव खुणा शोधून त्यांवरून फिटिंग क्रॉस पुन्हा आखावा आणि तो बाहुलीसमोर येतो का ते पाहावे. क्रॉस जागेवर असेल, तर नाकाच्या पॅडने चष्मा 2 मिमी. डोळ्याजवळ आणावा, दृष्टिक्षेत्र सुमारे 8 टक्के रुंदावते. एवढ्याने भागले नाही, तर 3–4 मिमी. अधिक उंचीची फ्रेम आणि त्या प्रमाणात लांब चढण घ्यावी लागते.