डिलीट केलेला फोटो परत येतो तो कोणत्या वाटेने?

ब्रेकअपनंतर प्रोफाइल साफ करायला बसलेली व्यक्ती बहुधा सर्वांत आधी स्वतः टाकलेले जोडीचे फोटो काढून टाकते. त्यात अख्खी रात्र जाते, आणि तरीही काही महिन्यांनी एका सकाळी ‘दोन वर्षांपूर्वी आजच्या दिवशी’ अशा मथळ्याखाली दोघांचे हसरे चेहरे पडद्यावर उभे राहतात. काढून टाकलेला फोटो परत आला, असेच त्या क्षणी वाटते. प्रत्यक्षात तसे क्वचितच घडते. समोर आलेली प्रत आपण कधी काढलेलीच नसते, कारण तिची साठवण आणि तिची वाट दोन्ही निराळी असतात.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. मीरा आणि निखिल १२ मे २०२२ रोजी एका मैत्रिणीच्या लग्नाला गेले. मैत्रिणीने दीडशे फोटोंचा अल्बम फेसबुकवर टाकला आणि त्यातल्या सहा फोटोंत दोघांना टॅग केले. त्यातलाच एक फोटो मीराने स्वतःच्या प्रोफाइलवर लावला, निखिलला टॅग करून. तो फोटो मीराच्या फोनमध्येही होता आणि तिथून आपोआप गूगल फोटोजमध्ये गेला होता. पुढे दोघे वेगळे झाले आणि मीराने प्रोफाइलवरचा फोटो काढला. चार ठिकाणांपैकी एक रिकामे झाले, एवढेच.

मैत्रिणीच्या अल्बमची गोष्ट आधी पाहू, कारण तिथे गैरसमज जास्त असतात. टॅग म्हणजे फोटोची प्रत नव्हे. अमुक फोटोत अमुक खाते आहे, अशी ती नुसती जोडणी असते. मीराने टॅग काढला की जोडणी तुटते आणि तो फोटो तिच्या प्रोफाइलवरून जातो, पण मैत्रिणीच्या अल्बममध्ये तो जसाच्या तसा राहतो आणि तो अल्बम ज्यांना दिसतो त्यांना दिसतच राहतो. फोटो हटवणे केवळ मैत्रिणीच्या हातात असते. आपल्याच लग्नाच्या अल्बममधून पाहुण्यांचे फोटो काढणे तिला जड जाऊ शकते, हेही लक्षात घ्यावे. अशा वेळी टॅग काढून थांबणे बरे.

आता आठवणींची सूचना. फेसबुकने ही सोय मार्च २०१५ मध्ये ‘ऑन धिस डे’ या नावाने सुरू केली आणि २०१८ मध्ये तिला ‘मेमरीज’ हे आजचे रूप दिले. तिच्यामागे कुठलाही जपून ठेवलेला आठवणींचा संग्रह नसतो. आजची तारीख घेऊन मागच्या वर्षांत याच दिवशी आपण काय टाकले, कशात टॅग झालो, हे रोज नव्याने शोधले जाते. फोटोमागचे नाते संपले आहे, याचा त्या शोधाला पत्ता नसतो. म्हणून मेमरीजच्या सेटिंगमध्ये Hide people आणि Hide dates अशा दोन गाळण्या दिल्या आहेत. पहिलीत व्यक्तीचे नाव द्यायचे, दुसरीत तारखांचा पट्टा.

इथे क्रमाला महत्त्व आहे, आणि बहुतेक जण नेमका तोच उलटा करतात. फेसबुकने फोटोंतील चेहरे ओळखणारी आपली यंत्रणा नोव्हेंबर २०२१ मध्ये बंद करण्याचे जाहीर केले आणि अब्जाहून अधिक चेहऱ्यांचे साचे पुसायला घेतले. त्यामुळे फोटोत निखिल आहे हे ओळखण्याचा हमखास आधार म्हणजे त्याचे टॅग केलेले नाव. मीराने सफाईच्या भरात आपल्या सगळ्या फोटोंवरचे निखिलचे टॅग आधीच काढले आणि फोटो मात्र ठेवले, तर नावाच्या गाळणीला पकडायला काही उरत नाही. अशा फोटोंसाठी तारखांचीच गाळणी लावावी लागते, आणि तिच्यात त्याच काळातला भाचीचा पहिला वाढदिवसही अडकतो.

फोनमधल्या फोटोंच्या संग्रहाची रीत मात्र निराळी आहे. गूगल फोटोजमध्ये चेहऱ्यांचे गट करण्याची सोय चालू असेल, तर प्रत्येक चेहऱ्याचे आकड्यांत वर्णन तयार होते आणि जुळणारी वर्णने एका गटात जातात. तो गट आठवणींतून लपवता येतो, टॅग असो वा नसो. पण पाठमोरा फोटो, दोघांच्या फक्त हातांचा फोटो किंवा दोघांनी मिळून रंगवलेली खोली या गाळणीतून सुटते. शिवाय दाढी, गॉगल किंवा तिरकस प्रकाश यांमुळे एकाच माणसाचे दोन गट पडलेले असतात, आणि लपवला जातो त्यातला एकच.

तारखेतही एक मेख आहे. व्हॉट्सॲपवरून साधा फोटो म्हणून पाठवलेल्या चित्रातून ते कधी टिपले याची मूळ नोंद गळून पडते. मैत्रिणीने लग्नाचे उरलेले फोटो ब्रेकअपनंतर तीन महिन्यांनी पाठवले, तर मीराच्या फोनमध्ये ते त्या नव्या तारखेखाली बसतात आणि ‘आमच्या काळा’पुरता लावलेला तारखांचा पट्टा त्यांना अडवू शकत नाही.

अशा अनपेक्षित फोटोने माणूस इतका का हलतो? मानववंशशास्त्रज्ञ हेलन फिशर आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. जोडीदाराने नुकतेच नाकारलेल्या १५ जणांना त्या व्यक्तीचा फोटो दाखवून त्यांच्या मेंदूचे एफएमआरआय, म्हणजे कोणता भाग सक्रिय आहे हे दाखवणारे चित्रण, केले गेले. मेंदूच्या मुळाशी असलेला, बक्षिसाच्या ओढीशी निगडित भाग त्यांच्यात सक्रिय दिसला. नाते तुटले तरी ओढ लावणारी यंत्रणा फोटोला प्रतिसाद देत होती. १५ ही संख्या लहान आहे, त्यामुळे त्यावरून फार मोठा निष्कर्ष काढू नये.

मग सगळेच कायमचे पुसून टाकावे का? कोरिना सास आणि स्टीव्ह व्हिटेकर यांनी २०१३ मध्ये ब्रेकअप झालेल्या २४ तरुणांच्या मुलाखतींवर आधारित संशोधन मांडले. त्यांना तीन प्रकारचे लोक आढळले: सगळे पुसणारे, सगळे ठेवणारे आणि निवडून काढणारे. घाईत पुसणाऱ्यांपैकी काहींना पुढे पश्चात्ताप झाला, तर ठेवणाऱ्यांची सावरण्याची गती मंदावल्याचे दिसले. निवडून काढणारे सर्वांत थोडे होते, आणि त्यात नवल नाही. निवडायचे तर प्रत्येक फोटो पाहावा लागतो, आणि सुरुवातीला नेमके तेच जमत नाही.

म्हणून माझ्या मते पहिल्या दिवशी काहीच पुसू नये. आधी दोन्हीकडच्या आठवणींच्या गाळण्या लावाव्यात, मग इतरांच्या अल्बममधले आपले टॅग काढावेत, आणि स्वतः टाकलेले फोटो ‘फक्त मला’ दिसतील असे करावेत किंवा अर्काइव्हमध्ये हलवावेत. पुसणे शेवटी. तेव्हाही थोडी मुदत हाती राहते: फेसबुकच्या ट्रॅशमध्ये गोष्टी ३० दिवस राहतात, तर गूगल फोटोजमध्ये बॅकअप झालेले फोटो ६० दिवस.

गाळणी नीट लागली की नाही, हे वर्षदिनाची वाट न पाहताही तपासता येते. मीराने आपल्या गूगल फोटोजमधली माणसांची यादी उघडावी आणि निखिलचा चेहरा दुसऱ्या एखाद्या बेनाम गटात दिसतो का ते पाहावे. दिसला तर तोही लपवावा. नंतर व्हॉट्सॲपच्या चित्रांचे फोल्डर ब्रेकअपनंतरच्या तारखांपासून चाळावे. हे काम एखाद्या विश्वासू मित्राकडे सोपवले तरी चालते, कारण निखिलचा लग्नातला निळा कुर्ता त्यालाही ओळखता येतो.