कर्ण बदलत नाहीत

चौरसाच्या चार कोपऱ्यांवर चार सारखे धन प्रभार ठेवले. मग एकाच कर्णाच्या टोकांवरचे दोन ऋण केले. आता फेरी मारली तर धन, ऋण, धन, ऋण. या दुसऱ्या मांडणीची स्थितिज ऊर्जा किती, असं विचारलं की दोन चुकीची उत्तरं हमखास येतात. एक म्हणजे, एकूण प्रभार शून्य म्हणून ऊर्जाही शून्य. दुसरं, पहिल्या मांडणीच्याच उत्तराला उणे चिन्ह लावा.

गोम अशी की ही ऊर्जा एकेका प्रभाराची नसून जोडीची असते: kq₁q₂/r, जिथे q₁, q₂ हे दोन प्रभार, r त्यांच्यातलं अंतर आणि k हा कूलोमचा स्थिरांक. चौघांत जोड्या सहा, चार बाजूंवर आणि दोन कर्णांवर. (चार त्रिक बारा केलं की प्रत्येक जोडी दोनदा मोजली जाते. हे मीही केलंय.)

आकडे घेऊ. प्रत्येक प्रभार 1 मायक्रोकूलोम, बाजू 10 सेंटिमीटर. बाजूवरच्या जोडीचे 0.09 ज्यूल, कर्ण 1.414 पट लांब, म्हणून तिथले 0.0636.

आता प्रभार दुरून एकेक करून आणू. पहिल्याला काहीच श्रम नाहीत. सगळे धन असतील तर दुसऱ्याला 0.09, तिसऱ्याला 0.1536, चौथ्याला 0.2436 ज्यूल लागतात. प्रत्येक नवा पाहुणा आधीच्यापेक्षा महाग! एकूण 0.487 ज्यूल.

चिन्हं आलटून-पालटून असतील तर दुसरा −0.09 ने येतो. तिसऱ्याला शेजारी ओढतो, पण कर्णावरचा सजातीय ढकलतो; हाती उरतात जेमतेम −0.0264. चौथ्याचे −0.1164. बेरीज −0.233 ज्यूल, म्हणजे पहिल्याच्या निम्म्याहूनही कमी. चिन्हं बदलली तरी कर्णाच्या दोन्ही टोकांना सारखेच प्रभार राहिले, म्हणून बाजूंची बेरीज उलटली आणि कर्णांची आहे तशीच राहिली. सूत्रात सांगायचं तर 4+√2 च्या जागी −4+√2, दोन्हीकडे kq²/a पट, a म्हणजे चौरसाची बाजू.

यातल्या ‘ऋण’चा अर्थ एवढाच की प्रभार पुन्हा दूर न्यायला 0.233 ज्यूल बाहेरून द्यावे लागतील. घरातली ‘निगेटिव्ह एनर्जी’ घालवायचे पैसे घेणाऱ्यांचा याच्याशी काडीचाही संबंध नाही.

मिठाच्या स्फटिकात सोडियम आणि क्लोरीनचे आयन असेच एकाआड एक बसतात. एका प्रभाराला बाकीच्यांमुळे मिळणारं विभव, म्हणजे दर एकक प्रभारामागची ऊर्जा, kq/a च्या पटीत मोजलं, तर नुसत्या जोडीत ते 1 भरतं (चिन्ह सोडून), आपल्या चौरसात 1.293, घनात 1.456 आणि अख्ख्या स्फटिकात आतल्या आयनाला 1.748. या शेवटच्या आकड्याला माडेलुंग स्थिरांक म्हणतात. आपला चौरस मात्र हाताने धरून ठेवावा लागतो. सोडला तर चारही प्रभार केंद्राकडे धावतील, कारण प्रत्येकावर शेजाऱ्यांची ओढ कर्णावरच्या ढकलण्यापेक्षा जास्त आहे. मिठात ही धाव आयनांचे इलेक्ट्रॉन एकमेकांत शिरू लागले की थांबते, 0.282 नॅनोमीटरवर.