काट्याच्या पावतीच्या फोटोवरून वाहतूक नोंद: कोणती पावती चालते आणि आकडे कसे पडताळावेत

सोयाबीनची गाडी मिलवर खाली झाली की ड्रायव्हर काट्याची पावती मोबाइलवर पाठवतो आणि भाड्याचा हिशोब त्या फोटोवरूनच होतो. नोंदीला अशीच पावती घ्यावी जिच्यावर पावती क्रमांक, गाडी नंबर आणि भरगाडी, रिकामी, निव्वळ अशी तिन्ही वजनं छापलेली आहेत. दोन्ही वजनांची तारीख-वेळही हवी. खाली करताना भरगाडीची वेळ आधी आणि रिकाम्या गाडीची नंतर येते. रिकाम्या वजनाची वेळच नसेल किंवा तारीख जुनी असेल, तर ते वजन संगणकात साठवलेलं असण्याची शक्यता असते. त्या दिवशी गाडी रिकामी तोललीच नसेल, तर नोंद थांबवावी आणि काट्यावर विचारावं. पावतीसोबत बिल्टी आणि गाडीच्या आरसीची प्रत जोडावी.

फोटोत पावतीचे चारही कोपरे दिसायला हवेत. थर्मल कागदाची छपाई उन्हात, डॅशबोर्डवर पुसट होते, म्हणून फोटो काट्यावरच काढायला सांगावं.

आता आकडे. समजा फोटोतून भरगाडी २७,४६०, रिकामी ९,३४० आणि निव्वळ १७,६२० किलो असं वाचलं. वजाबाकी १८,१२० येते, म्हणजे ५०० किलोचा फरक. फरक नेमका ५०० आहे, तेव्हा शंभराच्या घरातला एखादा आकडा पाचाने चुकलेला असणार. तिन्ही वजनांतला तोच आकडा फोटो मोठा करून पाहावा. रिकाम्या वजनातला ३ खरं तर ८ आहे: ९,८४०. आता २७,४६० वजा ९,८४० बरोबर १७,६२० येतात. निव्वळ वजन स्वतः वजाबाकी करून भरू नये. छापलेलंच वाचावं, नाहीतर ही पडताळणी हातची जाते. दुरुस्त केलेलं रिकामं वजन आरसीवरच्या रिकाम्या वजनाशीही ताडून घ्यावं. ताडपत्री, डिझेल, जादा स्टेपनी यांमुळे थोडा फरक पडतो, पण टनभर पडत नाही.

वजाबाकी जुळत नाही म्हणजे वाचन चुकलंच असं नव्हे. काही मिल बारदाना वजा करून निव्वळ छापतात. मग पावतीवर वजावटीचा वेगळा रकाना सापडतो. तो आकडाही नोंदीत घ्यावा. कुठे वजन टनात किंवा क्विंटलमध्ये असतं. १७.६२०, १७६.२० आणि १७,६२० हे एकच वजन आहे, म्हणून एकक आधी वाचावं.

गाडी नंबरात जागा पाहावी. MH नंतरच्या दोन जागा आणि शेवटच्या चार जागा आकड्यांच्या, मधली अक्षरं मालिकेची. आकड्याच्या जागी O दिसला तर तो शून्यच. मालिकेत O आणि I ही अक्षरं देतच नाहीत, त्यामुळे तिथे O वाटलं तर ते D किंवा Q असू शकतं. 3806 की 8306 हे मात्र जागेवरून कळत नाही. तिथे बिल्टी आणि आरसी पाहावी.

तोच फोटो दुसऱ्यांदा येणं नेहमीचंच. म्हणून काट्याचं नाव, तारीख आणि पावती क्रमांक या तिन्हींवर आधीची नोंद शोधावी, मगच नवी करावी.