खड्ड्यात गाडी बंद पडते? आधी टाकीतला पंप आणि जाळी बघा

हायवेला गाडी मस्त पळते पण आत गावाच्या रस्त्याला वळली, दोन-चार सलग दणके बसले की गचके द्यायला लागते, अॅक्सिलेटर दाबलं तरी पिकअप नाही आणि मग बंदच. पाच-दहा मिनिटं बाजूला थांबायचं, सेल मारायचा, लगेच चालू. ही तक्रार सोलापुरात उन्हाळ्यात फार ऐकू येते, आणि बहुतेक जण पहिल्यांदा प्लग बदलतात, मग कॉइल बदलतात, मग कोणीतरी सांगतं सेन्सर गेलाय म्हणून तोही बदलतात. पैसे जातात आणि गाडी परत बार्शी रोडच्या आतल्या कुठल्या तरी रस्त्याला उभीच. खरं दुखणं पुष्कळ वेळा मागच्या सीटखाली असतं, पेट्रोलच्या टाकीत.

टाकीत पंप नुसता उघडा बुडवलेला नसतो. तो प्लास्टिकच्या एका डब्यात उभा असतो, त्याच्या तोंडाला नायलॉनची बारीक जाळी असते, मेकॅनिक लोक तिला जाळी किंवा स्ट्रेनर म्हणतात. हा डबा मुद्दाम दिलेला असतो, कारण टाकीत पेट्रोल कमी असलं की वळणावर, चढावर, खड्ड्यात ते एका बाजूला पळतं आणि पंपाचं तोंड उघडं पडायची भीती असते. उसाच्या रसाचा ग्लास तळाला आला आणि हलला की स्ट्रॉमधून रसाऐवजी हवाच येते, तसंच. डबा भरलेला असला की बाहेर पेट्रोल कितीही हिंदकळलं तरी पंपाला काही फरक पडत नाही.

पण हा डबा भरतो कोण? इथंच सगळी मेख आहे. बऱ्याच गाड्यांत डबा पंपच भरतो. इंजिनाला लागतं त्याच्यापेक्षा पंप कितीतरी जास्त पेट्रोल फेकतो. छोट्या गाडीचा चांगला पंप तासाला साधारण 80 ते 100 लिटर फेकतो, आणि गाडी साठच्या स्पीडने लिटरला 15 किलोमीटर देत असेल तर तिला तासाला फक्त 4 लिटर लागतं, पूर्ण दाबून चालवली तरी 15-20 लिटरच्या आसपास. उरलेलं पेट्रोल जुन्या पद्धतीच्या गाड्यांत इंजिनापासून रिटर्न पाइपने परत येतं आणि डब्यात पडतं, आणि बऱ्याच ठिकाणी त्याच धारेच्या जोरावर एक बारीक नोझल बाहेरचं पेट्रोलही डब्यात ओढून घेतं. नव्या गाड्यांत रिटर्न पाइप नसतो, प्रेशर ठरावीक ठेवणारा रेग्युलेटर टाकीतच असतो, पण डबा भरायचं तत्त्व तेच. म्हणजे पंप दमला किंवा जाळी तुंबली की इंजिनापुरतं पेट्रोल जातं, पण वरचा जो शिल्लक माल डबा भरायचा तो कमी होतो. सपाट रस्त्यावर कळत नाही. खड्ड्यात कळतं, कारण डबा अर्धा रिकामाच असतो.

आता प्रेशरचं बघू. ज्या गाड्यांत रेलवर, म्हणजे इंजेक्टरना पेट्रोल देणाऱ्या नळीवर, रेग्युलेटर आणि त्याला व्हॅक्यूमचा पाइप असतो तिथे साधारण 3 बार प्रेशर ठेवलेलं असतं (आयडलला व्हॅक्यूममुळे गेजवर अडीचच्या आसपास दिसतं, ते नॉर्मल आहे). इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा ते ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, ठरवतो, पण तेवढ्या वेळात किती पेट्रोल जाईल ते प्रेशरवर असतं, आणि हे नातं वर्गमुळाचं आहे. प्रेशर 3 चं 2 झालं तर पेट्रोल साधारण 18 टक्के कमी जातं, आणि 1 वर आलं तर 42 टक्के कमी. ऑक्सिजन सेन्सर बघून ईसीयू बऱ्यापैकी भरपाई करतो, म्हणून थोडं प्रेशर कमी असलं तरी गाडी ठीक चालते आणि मालकाला पत्ताच नसतो. पण भरपाईला वेळ लागतो, तिला मर्यादाही असते. खड्ड्यात पंपाने हवा ओढली की प्रेशर क्षणात कोसळतं, रेलमध्ये बुडबुडे शिरतात, मग कसली भरपाई.

उन्हाळ्यात हे जास्त का होतं याला पण कारण आहे. पेट्रोलमधले हलके भाग 35-40 डिग्रीलाच उकळायला लागतात, आणि आपल्याकडे एप्रिल-मेला सावलीतच पारा 40 च्या वर असतो, वर रिटर्नचं पेट्रोल इंजिनाची उष्णता घेऊन येतं. जाळी तुंबलेली असली की पंपाला जोर लावून ओढावं लागतं, जाळीच्या आत दाब कमी होतो, आणि दाब कमी झाला की गरम पेट्रोल तिथेच उकळून वाफ होते. पंपाला वाफ ढकलता येत नाही, तो नुसता घोंघावतो. म्हणून सकाळी गाडी चांगली आणि दुपारी दोनला तीच गाडी तोच रस्ता चालत नाही. थांबल्यावर परत चालू का होते तेही यातच आलं, ओढ थांबली की जाळीवर चिकटलेला गाळ थोडा खाली बसतो, वाफ विरते, डब्यात पेट्रोल झिरपतं. दणक्याने तळाचा गाळ ढवळून परत जाळीवर येतो आणि तोच खेळ.

आमच्या दाजींची 2011 ची पेट्रोल हॅचबॅक, बाहेरून गॅस किट बसवलेली, अशीच होती. वैरागच्या पुढे आतल्या रस्त्याला लागली की बंद. स्कॅनर लावला तर एकच जुना कोड, P0171, म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी. आता हा कोड सांगतो की पेट्रोल कमी पडतंय, पण का ते नाही सांगत, त्यामुळे याच्यावरून सरळ पार्ट बदलू नये. दाजींना मी आधी एकच विचारलं, बंद पडताना कशी पडते? ते म्हणाले, "एकदम नाही ओ, आधी दम लागल्यासारखं करते, दोन-तीन गचके, मग जाते." हे फार महत्त्वाचं आहे. बटण बंद केल्यासारखी झटकन गेली असती आणि गाडी गिअरमध्ये पळत असतानाच आरपीएमचा काटा शून्यावर पडला असता तर मी इग्निशनची वायरिंग नाहीतर क्रँक सेन्सर धरला असता. पेट्रोल कमी पडून जाते तेव्हा ती मरत मरत जाते.

मग अक्कलकोट रोडच्या एका मिस्त्रीकडे रेलला प्रेशर गेज लावला, त्याची लांब नळी बॉनेटच्या फटीतून काढून गेज बाहेरून काचेवर वायपरखाली टेपने चिकटवला (गेज कधीही केबिनमध्ये घेऊ नका, नळी सुटली तर पेट्रोल अंगावर येईल). गाडी पेट्रोलवर, टाकीत पाव टाकी. आयडलला 2.4, सगळं छान. चांगल्या रस्त्यावर दाबून चालवली तर काटा 3 कडे जायला पाहिजे तो 2.2 लाच. आणि खराब पट्ट्यात शिरल्यावर काटा थरथरायला लागला, 1 च्या खाली गेला आणि गाडी बंद. म्हणजे गॅरेजमध्ये उभ्या गाडीला गेज लावून "प्रेशर ओके" म्हणणाऱ्याला हे कधीच दिसलं नसतं.

आता पंप की जाळी, हे वेगळं कसं करायचं. यात दोन टेस्ट जोडीने करायच्या असतात. पहिली, इंजिन चालू ठेवून रिटर्नचा रबरी पाइप दोन-तीन सेकंद पकडीने दाबायचा, प्लास्टिकचा कडक पाइप असेल तर दाबायचा नाही, तो तडकतो. परत जायचा रस्ता बंद झाला की चांगला पंप 5 बारच्या वर उडी मारतो. दुसरी, इंजिन बंद ठेवून रिलेच्या जागी जंपर देऊन पंप चालवायचा आणि रिटर्नचं पेट्रोल मापात घ्यायचं, 30 सेकंदात पाऊण लिटरच्या आसपास यावं. गंमत अशी की नुसती जाळी तुंबलेली असेल तर पहिल्या टेस्टमध्ये पंप पास होतो, कारण पाइप दाबल्यावर पेट्रोल जवळजवळ वाहतच नाही, मग जाळी अडवणार काय? नापास होतो तो दुसऱ्या टेस्टमध्ये. आणि पंपच झिजलेला असेल तर दोन्हीत नापास. (बाहेरचा फिल्टर तुंबला तरी पहिली पास, दुसरी नापास असंच दिसतं, म्हणून तो आधी बदलून टाकायचा, स्वस्त असतो.)

दाजींच्या गाडीचं पाइप दाबल्यावर प्रेशर 3.2 च्या वर गेलं नाही आणि 30 सेकंदात आलं जेमतेम 350 मिली. पंपाच्या कनेक्टरला व्होल्टेज मोजलं, बॅटरी 12.5 तर तिथे 12.1, म्हणजे वायरिंग ठीक. हे मोजल्याशिवाय पंप बाद ठरवू नये. पंप 5 अँपिअर खेचत असेल आणि कनेक्टर काळा पडून अर्धा ओहम रेझिस्टन्स आला असेल तर अडीच व्होल्ट तिथेच खलास, आणि चांगला पंपसुद्धा दमलेला वाटतो. ढिला कनेक्टर तर खड्ड्यातच सुटतो-लागतो, तो हाताने हलवून बघावाच.

पंप बाहेर काढला तर जाळी पांढरीची चॉकलेटी झालेली, बोटाने दाबली तर ओल्या मातीसारखा गाळ निघाला, त्यात गंजाचे बारीक कण. मिस्त्री म्हणाला जाळी धुऊन देतो. मी नको म्हटलं, कारण छिद्रं केसापेक्षा बारीक असतात, ब्रशने घासलं की कण आत रुततात नाहीतर जाळी फाटते. नवीन जाळी टाकून परत मोजलं, 550 मिली. सुधारलं, पण प्रेशर 3.3 वरच अडकलेलं. म्हणजे पंपही गेलेला होता.

आणि तो का गेला हे मला महत्त्वाचं वाटतं. पंपाची मोटर पेट्रोलनेच थंड होते, पेट्रोल तिच्या आतून वाहतं, वंगणही तेच. जाळी तुंबली की पंप उपाशी पळतो, गरम होतो, झिजतो. त्यात गॅसवाल्या गाड्यांत टाकी कायम रिझर्व्हला, आणि बऱ्याच बाहेरच्या किटमध्ये गॅसवर चालतानाही पेट्रोल पंप फिरतच असतो. दाजींचं दोन्ही होतं. नुसती जाळी बदलली असती तर महिन्या-दोन महिन्यात परत तेच, आणि नुसता पंप बदलून टाकी तशीच ठेवली असती तर नवीन जाळी त्याच गाळाने भरली असती.

म्हणून टाकी उतरवून धुतली, नवीन पंप, नवीन जाळी, बाहेरचा फिल्टर, आणि पंपाच्या झाकणाचं रबरी रिंगसुद्धा नवीन, कारण जुनं रिंग पेट्रोलने फुगलेलं असतं, नीट बसत नाही आणि वास येत राहतो. हे काम मोकळ्या हवेत, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून, आणि आधी पंपाचा फ्यूज काढून गाडी बंद पडेपर्यंत चालवून प्रेशर उतरवल्यावरच करायचं. पंप टाकीबाहेर कोरडा फिरवून "चालतोय का" बघायचा तर नाहीच, ठिणगी पडते.

नंतरची रीडिंगं अशी आली: पाइप दाबल्यावर 5 च्या वर, 30 सेकंदात 800 मिली, दाबून चालवताना 3. वैरागच्या पुढच्या त्याच पट्ट्यात पाव टाकीवर काटा हलला नाही. गॅसवर गेल्यावर पंप बंद करणारा रिले मिस्त्रीने नंतर वेगळा टाकून दिला, आणि दाजी आता टाकीत दहा-एक लिटर पेट्रोल कायम ठेवतात.