भरती एजन्सीमार्फत नोकरभरती

कंपनीतली रिकामी जागा भरण्यासाठी बाहेरच्या एजन्सीकडून उमेदवार मागवण्याची पद्धत. एजन्सी उमेदवार शोधते, त्यांच्याशी बोलते आणि निवडक लोकांची माहिती कंपनीकडे पाठवते. निवड, पगार आणि नेमणूक कंपनीच्या हातात राहते. कंत्राटदार स्वतःच्या पगारपत्रकावर माणसे ठेवून ती कारखान्याला पुरवतो, तो व्यवहार याहून वेगळा आहे. या नोंदीत भारतातल्या खासगी कंपन्यांमधील कायम नोकरीच्या भरतीचा विचार केला आहे. उदाहरणे पुणे–चाकण पट्ट्यातल्या कारखान्यांची आहेत, कारण तिथे मध्यम आकाराच्या कंपन्या सर्रास कन्सल्टन्सीमार्फत माणसे घेतात.

फीची रीत आणि तिचा परिणाम

फी बहुधा उमेदवाराच्या वार्षिक सीटीसीच्या, म्हणजे कंपनीला त्याच्यावर येणाऱ्या एकूण खर्चाच्या, टक्केवारीत ठरते. 8.33 टक्के हा दर सर्वांच्या ओळखीचा आहे. वर्षाचा बारावा भाग, म्हणजे एका महिन्याचा पगार, असा त्याचा हिशेब. दुर्मिळ कौशल्याच्या किंवा वरिष्ठ जागांसाठी दर याहून वर जातो. संचालक पातळीच्या शोधात काही रक्कम काम सुरू होतानाच दिली जाते आणि उरलेली टप्प्याटप्प्याने. पण बहुसंख्य जागा ‘जॉइन झाला तरच पैसे’ या बोलीवर भरल्या जातात.

पुढच्या बऱ्याच अडचणी या बोलीतून निघतात. एकच जागा पाच एजन्सींना दिली, तर चौघांची मेहनत फुकट जाणार हे प्रत्येकीला आधीच ठाऊक असते. मग तीस उमेदवारांशी नीट बोलत बसण्यापेक्षा नोकरी डॉट कॉमवर सर्च मारून पहिल्या तासात दहा प्रोफाइल पाठवणे तिला परवडते. पाचही जणी तोच डेटाबेस, तेच शब्द टाकून चाळतात, त्यामुळे तीच माणसे पाच वाटांनी येतात. डुप्लिकेट उमेदवारांचा दोष एजन्सीच्या बेशिस्तीवर टाकला जातो. प्रत्यक्षात त्याचे मूळ बहुतेकदा कंपनीने एकाच जागेवर किती जणींना लावले यात असते. एका जागेला दोन, फार तर तीन एजन्सी पुरतात. जागा अवघड असेल, तर दोन-तीन आठवडे ती एकीलाच द्यावी आणि त्या मुदतीत दुसऱ्या कुणाला देणार नाही असे लेखी कळवावे. एवढ्याने शोधाचा दर्जा बदलतो.

ब्रीफिंग

जेडी, म्हणजे जागेचे लेखी वर्णन, मेल केली की ब्रीफिंग झाले असे नव्हे. जेडीत साधारणपणे पदवी, अनुभवाची वर्षे आणि जबाबदाऱ्या असतात. उमेदवार होकार देईल की नकार, हे ठरवणाऱ्या गोष्टी तिच्यात नसतात. जागा का रिकामी झाली, आधीचा माणूस का गेला, शिफ्ट कशा आहेत, कंपनीची बस निगडीहून सुटते की फक्त चाकण चौकातून, पगाराची खरी वरची मर्यादा किती, मुलाखतीच्या फेऱ्या किती आणि शेवटचा शब्द कुणाचा, हे एजन्सीला कळायला हवे. पिंपरी-चिंचवड पट्ट्यातल्या अनेक कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. रविवार सुट्टीची सवय असलेल्या आणि जोडीदार शाळेत किंवा बँकेत असलेल्या उमेदवाराला हे ऑफरच्या दिवशी समजले, तर सगळे मुसळ केरात जाते.

ज्या विभागप्रमुखाला माणूस हवा आहे, त्यानेच अर्धा तास फोनवर बोलावे आणि सर्व एजन्सींना एकाच वेळी बोलवावे, म्हणजे प्रत्येकीला तेच ऐकायला मिळते. कोणत्या कंपन्यांतून माणूस आणायचा नाही, हेही त्याच बैठकीत सांगावे. मोठ्या ग्राहकाच्या किंवा शेजारच्या पुरवठादाराच्या कारखान्यातला माणूस उचलला गेला, तर धंद्याचे संबंध बिघडतात.

ब्रीफनंतर पहिल्या फेरीत फक्त तीन ते पाच प्रोफाइल मागवावीत आणि प्रत्येकावर कारणासह उत्तर द्यावे. ‘नॉट सुटेबल’ एवढ्या उत्तराने एजन्सीच्या हाती काहीच लागत नाही. ‘प्रोग्रेसिव्ह टूलवर काम नाही, फक्त सिंगल स्टेज केले आहे’ असे लिहिले, तर पुढची फेरी नेमकी येते.

एकच उमेदवार दोन वाटांनी

एक नमुना हिशेब पाहू. चाकणच्या एका प्रेस शॉपला सहा ते आठ वर्षे अनुभवाचा टूल मेंटेनन्स इंजिनिअर हवा आहे. जागा दोन एजन्सींकडे आहे. पहिली एजन्सी मंगळवारी सकाळी एक प्रोफाइल पाठवते, पण कंपनीने परस्पर संपर्क साधू नये म्हणून मोबाइल आणि ईमेल काढून टाकते. दुसरी एजन्सी बुधवारी दुपारी त्याच माणसाचा पूर्ण बायोडाटा पाठवते आणि सोबत ‘या कंपनीतल्या या जागेसाठी तुम्ही माझे प्रोफाइल पाठवावे’ असा त्याचा संमतीचा मेल जोडते. मुलाखती दुसरीमार्फत होतात आणि 9,60,000 रुपये सीटीसीवर तो रुजू होतो. मग पहिली एजन्सी मंगळवारचा मेल दाखवून बिल लावते. दोघींचे म्हणणे आपापल्या जागी खरे आहे, आणि करारात नियम नसेल तर कंपनीला एकाच माणसाची फी दोनदा द्यावी लागण्याची वेळ येते.

म्हणून करारात ‘आधी कुणी पाठवले’ एवढेच लिहून भागत नाही. ‘पाठवले’ कशाला म्हणायचे हे लिहावे लागते. चालणारा नियम असा: नाव, मोबाइल, ईमेल, सध्याची कंपनी आणि उमेदवाराची संमती या पाचही गोष्टी ज्या वेळी पूर्ण पोहोचल्या, ती वेळ धरायची. या नियमाने वरच्या प्रकरणात फी दुसऱ्या एजन्सीची. नियम उमेदवाराच्याही हिताचा आहे, कारण त्याला न विचारता बायोडाटा फिरवणारी एजन्सी आपोआप मागे पडते. डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा 2023 मध्ये झाला. त्याचा भरही माहिती देणाऱ्याच्या संमतीवर आहे.

एजन्सीचा फीवरचा हा हक्क किती काळ टिकतो, हेही लिहावे. सहा महिने ही मुदत बऱ्याच करारांत दिसते. त्या काळात तोच माणूस दुसऱ्या जागेवर घेतला तर फी लागू होणार का, हे स्पष्ट नसेल तर वाद ठरलेला. उमेदवार कंपनीच्या स्वतःच्या नोंदीत आधीपासून असेल, म्हणजे त्याने थेट अर्ज केला असेल किंवा एखाद्या कर्मचाऱ्याने त्याचे नाव सुचवले असेल, तर एजन्सीला फी नाही. पण कंपनीने हे दोन कामाच्या दिवसांत, जुन्या नोंदीच्या तारखेसह कळवले पाहिजे. मुलाखती संपल्यावर ‘हा तर आमच्याकडे आधीच होता’ असे सांगणे अन्यायाचे आहे, आणि तसे झाल्यास फी द्यावी असे कलम कंपनीने स्वतःहून घालावे.

डुप्लिकेट ओळखताना नावावर विसंबू नये. मराठी नावे रोमन लिपीत किती तऱ्हांनी येतात पाहा: Sachin Ramesh Patil, Patil Sachin R, Sachin Pateel हे एकाच माणसाचे तीन बायोडाटा असू शकतात. लग्नानंतर आडनाव बदललेल्या उमेदवाराची जुनी नोंद नावाने सापडतच नाही. मोबाइल क्रमांकाचे शेवटचे दहा अंक ही सर्वांत भरवशाची खूण. त्यानंतर ईमेल, आणि शंका उरलीच तर जन्मतारीख व पदवीचे वर्ष. भरतीचे सॉफ्टवेअर नसलेल्या कंपनीत हे एक्सेलमध्येही होते. मोबाइल B स्तंभात असेल, तर C मध्ये स्वच्छ क्रमांक आणि D मध्ये तपासणी:

```
C2: =RIGHT(SUBSTITUTE(SUBSTITUTE(B2," ",""),"-",""),10)
D2: =COUNTIF(C:C,C2)>1
```

D मध्ये TRUE आले की जुनी ओळ उघडून वेळ पाहायची. दोन सिम वापरणारा उमेदवार यातून निसटतो, म्हणून तीच तपासणी ईमेलवर पुन्हा करावी. प्रोफाइल विभागप्रमुखाकडे जाण्याआधी हे झाले पाहिजे. एजन्सीने थेट विभागप्रमुखाला व्हॉट्सअ‍ॅपवर बायोडाटा पाठवण्याची सवय लागली, की कोणतीही नोंद विश्वासाची राहत नाही.

दर्जा कसा पाहावा

किती प्रोफाइल आली हा आकडा फसवा असतो. पाठवलेल्यांपैकी किती मुलाखतीपर्यंत गेले, किती जणांना ऑफर दिली आणि किती प्रत्यक्ष रुजू झाले, हे एजन्सीनिहाय पाहावे. पहिला टप्पा कच्चा असेल तर एजन्सीला ब्रीफ समजलेले नाही किंवा ती नुसते बायोडाटे गोळा करते. शेवटचा टप्पा गळत असेल तर नोटीस पिरियडमध्ये उमेदवाराशी कुणीच बोलत नाही. दोन-तीन महिन्यांची नोटीस असते तिथे हातात ऑफर घेऊन माणूस दुसरीकडे भाव करतो, सध्याची कंपनीही पगार वाढवून थांबवू पाहते. या काळात एजन्सीने उमेदवाराशी बोलत राहावे आणि राजीनामा स्वीकारल्याचा मेल मिळवावा, हे तिच्या फीत धरलेले काम आहे.

पहिल्या फेरीतल्या एक-दोन उमेदवारांना एचआरने स्वतः फोन करावा. त्यांना कंपनीचे नाव किंवा कामाचे ठिकाणच माहीत नसेल, तर एजन्सी त्यांच्याशी बोललेलीच नाही. जेडीतली वाक्ये बायोडाट्यात जशीच्या तशी दिसणे ही आणखी एक खूण. अनुभव खरा आहे का, हे मात्र एजन्सीवर सोपवू नये, कारण नेमणूक झाली तरच तिला पैसे मिळतात. भविष्य निर्वाह निधीच्या यूएएन खात्यातली सेवेची नोंद उमेदवाराकडून मागितली, की खोटी कंपनी किंवा ताणलेल्या तारखा बहुधा तिथेच उघड्या पडतात. ज्या नोकरीत पीएफ कापला जात नव्हता, ती त्यात दिसत नाही. तिथे पगाराच्या बँक नोंदी पाहाव्या लागतात.

बिल आणि रिप्लेसमेंट

9,60,000 वर 8.33 टक्क्यांनी फी 79,968 रुपये होते. त्यावर 18 टक्के जीएसटी धरून बिल सुमारे 94,362 रुपयांचे. पण त्या सीटीसीतले 1,20,000 रुपये वर्षअखेरच्या कामगिरीवर अवलंबून असतील आणि करारात ‘फिक्स्ड सीटीसी’ लिहिले असेल, तर फी 69,972 वर येते. दहा हजारांचा हा फरक एका शब्दावर ठरतो, म्हणून एजन्सीला कामाला लावतानाच तो शब्द ठरवावा.

उमेदवार ठरावीक मुदतीत, बहुधा 90 दिवसांत, सोडून गेला तर एजन्सी बदली माणूस विनामूल्य देते. बदली मिळालीच नाही तर किती दिवसांनी किती पैसे परत, हे कलम मात्र वारंवार राहून जाते. कंपनीनेच जागा रद्द केली किंवा सांगितलेले काम बदलले म्हणून माणूस गेला, तर ही हमी एजन्सीवर लादू नये.

एजन्सी सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेली असेल, तर 2006 च्या एमएसएमईडी कायद्यानुसार पैसे देण्याची मुदत करारानेही 45 दिवसांपलीकडे नेता येत नाही. त्यामुळे ‘90 दिवसांची हमी संपल्यावर बिल देऊ’ ही पद्धत अशा एजन्सीबाबत टिकत नाही. बिल वेळेवर चुकवून परताव्याचे कलम वेगळे ठेवणे हा सरळ मार्ग आहे.

फी कंपनीकडूनच घ्यायची असते. खासगी रोजगार संस्थांबाबतच्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 1997 च्या 181 क्रमांकाच्या करारात, काही अपवाद सोडता, कामगाराकडून शुल्क न घेण्याचे तत्त्व आहे. भारताने तो करार मंजूर केलेला नसला तरी कंपनी आपल्या करारात तेच कलम घालू शकते. रुजू झालेल्या प्रत्येकाला पहिल्या आठवड्यात ‘या नोकरीसाठी कुणी पैसे मागितले का’ असे एचआरने एकांतात विचारावे. उत्तर होकारार्थी आले, तर ती रक्कम एजन्सीकडून उमेदवाराला परत मिळेपर्यंत तिचे बिल रोखता येईल, अशी तरतूद करारात आधीच असावी लागते.