पादत्राणांची रुंदी-अक्षरे व अर्धा नंबर

बुटाच्या खोक्यावर लांबीच्या आकड्याजवळ छापलेले ‘डी’, ‘ईई’, ‘जी’ यांसारखे अक्षर पायाच्या रुंदीचे किंवा घेराचे असते. दोन पूर्ण आकड्यांमधला साडेसात, साडेआठ असा नंबर मुख्यतः लांबीचा असतो. नाशिकमध्ये मेन रोडवर किंवा शालिमारला दुकानदार नंबर विचारतो तो यूकेचा. अक्षर सहसा कोणी विचारत नाही. पंजा रुंद दिसला की ‘अर्धा नंबर वाढवून घ्या’ आणि पाय अरुंद असला की ‘आत एक सोल टाका’ असे सांगितले जाते. यातला पहिला सल्ला कुठवर टिकतो, हा या नोंदीचा मुख्य विषय आहे.

यूके मापात एक पूर्ण नंबर म्हणजे इंचाचा तिसरा भाग, म्हणजे ८.४६ मिमी. अर्धा नंबर त्याच्या निम्मा, साधारण सव्वाचार मिमी. ही पायरी जवाच्या दाण्याच्या लांबीवरून आली असे सांगतात आणि तिचे श्रेय १३२४ सालच्या, इंग्लंडचा राजा दुसरा एडवर्ड याच्या आज्ञेला देतात. त्याच्या नावावर असलेला ‘तीन जव म्हणजे एक इंच’ हा नियम लांबी मोजण्याचा आहे, पादत्राणांचा नव्हे. रँडल होम या इंग्रज लेखकाने १६८८ मध्ये चर्मकारांच्या मापांविषयी लिहिले, त्यात पायरी पाव इंचाची आहे. त्यामुळे जवाची पायरी बुटांच्या धंद्यात बरीच नंतर रुळली आणि राजाचे नाव तिला मागाहून चिकटले, हे मत अधिक पटण्यासारखे आहे. अर्धे नंबर आणि रुंदीची अक्षरे एकाच कोष्टकात बसवण्याचे श्रेय सामान्यतः न्यूयॉर्कच्या एडविन सिम्पसन याला देतात. त्याचे कोष्टक १८८० च्या सुमाराचे असून अमेरिकी व्यापाऱ्यांनी ते त्याच दशकाच्या अखेरीस स्वीकारले असे दिसते. सिरॅक्यूझच्या चार्ल्स ब्रॅनॉक याचे पाय मोजण्याचे धातूचे उपकरण १९२० च्या दशकातले. त्यावर पायाची लांबी, रुंदी आणि टाचेपासून अंगठ्यामागच्या मोठ्या सांध्यापर्यंतचे अंतर अशी तीन मापे मिळतात. यांतले तिसरे माप आज जवळजवळ विस्मरणात गेले आहे, पण पुढे येणाऱ्या उदाहरणात तेच कळीचे ठरते.

अक्षराला स्वतःचा ठरलेला अर्थ नाही. अमेरिकी पद्धतीत पुरुषांचा नेहमीचा बूट ‘डी’, तर बायकांचा ‘बी’. म्हणून बायकांच्या बुटावर ‘डी’ असेल तर तो रुंद समजावा. न्यू बॅलन्स पुरुषांसाठी ‘बी’ अरुंद, ‘डी’ नेहमीचा, ‘२ई’ रुंद आणि ‘४ई’ अतिरुंद असा क्रम लावते. इंग्लंडच्या ‘लोक’ नावाच्या कंपनीच्या बुटांवर मात्र ‘एफ’ नेहमीचा आणि ‘जी’ रुंद. अमेरिकी ‘डी’ची सवय असलेला माणूस तो ‘एफ’ पाहून आपल्याला फार ढिला होईल असे समजतो आणि फसतो. बिर्केनस्टॉक अक्षर वापरतच नाही: पावलाचे पोकळ चित्र म्हणजे नेहमीची रुंदी, भरीव चित्र म्हणजे अरुंद. आकड्यांचीही हीच गत आहे. पुरुषांच्या यूके ८ वर नाइकी २७ सेंमी छापते, आदिदास २६.५. म्हणजे एका ब्रँडचा आठ हा दुसऱ्याचा साडेआठ असू शकतो. म्हणून खोक्यावर आधी सेंटीमीटर वाचावेत, नंबर नंतर.

लांबी आणि अक्षर यांचे नाते सर्वांत स्वच्छ दिसते ते जपानी मानकात, कारण तिथे प्रत्येक अक्षरासमोर पंजाचा घेर मिलिमीटरमध्ये दिलेला आहे. पुरुषांच्या २६.० सेंमी लांबीला ‘ई’चा घेर २४९, ‘ईई’चा २५५, ‘ईईई’चा २६१ आणि ‘ईईईई’चा २६७ मिमी. एका अक्षराने घेर ६ मिमीने बदलतो. लांबी अर्ध्या सेंटीमीटरने वाढवली, तर तेच अक्षर ३ मिमीने मोठे होते. म्हणजे अक्षर स्थिर नसते, लांबीबरोबर सरकते. (जपानी ‘ई’ आणि अमेरिकी ‘ई’ एक नव्हेत, जपानी अक्षरांचा बूट त्या मानाने अरुंद निघतो असा साधारण अनुभव आहे.)

उदाहरणादाखल, सातपूरच्या एका कारखान्यात दिवसभर उभ्याने काम करणाऱ्या माणसाचा पाय घेऊ. संध्याकाळी, पाय थोडा फुगलेला असताना, भिंतीला टाच टेकवून कागदावर मोजलेली लांबी २६० मिमी. अंगठ्यामागचा सांधा आणि करंगळीमागचा सांधा यांवरून शिंप्याची फीत तिरकी फिरवून, पायावर पूर्ण भार देऊन घेतलेला घेर २६७ मिमी. याचा बूट २६.० ‘ईईईई’. दुकानात फक्त ‘ईई’ आहे. अर्धा सेंटीमीटर वाढवल्यावर घेर २५८ होतो; अजून ९ मिमी कमी. २६७ गाठायला चार पायऱ्या चढून २८.० वर जावे लागते, म्हणजे बूट पायापेक्षा पूर्ण २ सेंमी लांब. मोठा सांधा टाचेपासून लांबीच्या साधारण ७२ टक्क्यांवर असतो, त्यामुळे बुटाची वाकण्याची जागा सांध्याच्या जवळजवळ दीड सेंमी पुढे पडते. घेर जुळला, पण बूट चुकीच्या जागी मोडतो, टाच उचलली जाते आणि बोटे पुढच्या पोकळीत घसरतात. हाच घेर २५८ असता, तर एक पायरी, म्हणजे अर्धा सेंटीमीटर, वाढवून भागले असते. दुकानदाराचा सल्ला अर्ध्या अक्षराच्या फरकापुरता खरा आहे, त्यापुढे नाही.

अरुंद पायाला उलट्या दिशेची सोयही नसते. २६० मिमी लांब आणि २४३ मिमी घेराच्या पायाला ‘ईई’मध्ये तो घेर मिळतो २४.० वर, आणि तिथे बोटे मावतच नाहीत. म्हणून लांबी पक्की ठेवून आतली जागा सोलने भरणे, हा दुसरा सल्ला बराच टिकतो. मात्र सोल जाड झाला की टाच वर येते आणि मागच्या काठातून निसटू लागते. त्यामुळे फक्त पुढच्या भागापुरता अर्धा सोल बरा.

बूट बसला की नाही, हे नाड्यांच्या पट्ट्या सांगतात. नाडी बांधल्यावर दोन्ही पट्ट्या एकमेकींना भिडल्या, तर बूट पायाला रुंद आहे. त्यांच्यात फाकलेली मोठी ‘व्ही’ राहिली, तर अरुंद. काही दिवसांनी करंगळीच्या बाजूचे चामडे तळाच्या कडेबाहेर ओघळले, तर लांबी बरोबर असूनही अक्षर चुकले आहे. सुरकुती मोठ्या सांध्याच्या पुढे पडत असेल, तर नंबर मोठा आहे.

कातडी बूट मोची पावलाच्या आकाराच्या कालबुतावर चढवून थोडा ताणून देतो. कृत्रिम वरच्या भागाला हा इलाज फारसा लागू पडत नाही. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत लागणाऱ्या सेफ्टी शूजमध्ये तर बोटांवर पोलादी टोपी असते आणि ती मुळीच ताणत नाही. तिथे रुंदी खरेदीच्या वेळीच साधावी लागते.

भारतीय पायांसाठी ‘भा’ ही मापपद्धती चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने सुचवली आहे. तिच्यामागच्या पाहणीत सुमारे १ लाख लोकांचे पाय मोजले गेले आणि भारतीय पाय युरोपीय-अमेरिकी पायांपेक्षा रुंद आढळले, असे २०२४ मध्ये वृत्तपत्रांत प्रसिद्ध झाले. या पद्धतीत अर्ध्या नंबरांची गरज उरणार नाही असेही त्या वृत्तांत म्हटले होते.